चावी उघडली की गळणारा बागेतला नळ: पॅकिंग, वायसर आणि पाइपचा सांधा

प्रश्न: बागेतला अर्धा इंची पितळी नळ चावीच्या खालून गळतो. पाइप जोडलाय तिथूनही पाणी उडतं. नळ घट्ट बंद केला की दोन्हीकडे कोरडं. प्लंबरने दोनदा वायसर बदलला, तरी तेच. आता म्हणतो नळच बदला. टाकी दुसऱ्या मजल्याच्या वर गच्चीत आहे, पाइपच्या टोकाला फवाऱ्याची गन आहे. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर:

येईल. आणि बहुतेक नळ बदलावा लागणार नाही. तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘बंद केला की कोरडं’. त्या एका वाक्यावर वायसर निर्दोष सुटतो.

का, ते सांगतो. या प्रकारच्या नळात मागून येणारं पाणी एका गोल भोकातून वर येतं. त्या भोकाच्या काठाला आम्ही सीट म्हणतो. चावी फिरवली की तिला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली उतरतो आणि त्याच्या बुडाशी असलेली चकती वायसरसकट सीटवर दाबली जाते. पाणी तिथेच थांबतं. सीटच्या पुढे नळाच्या पोटात जी पोकळी आहे तिला दोन वाटा असतात. एक तोटीची, म्हणजे पाणी जायची नेहमीची. दुसरी वर, स्पिंडलच्या कडेने. ही वरची वाट पॅकिंगने, म्हणजे स्पिंडलभोवती गुंडाळून दाबलेल्या दोरीने, बुजवलेली असते. म्हणजे नळ बंद असताना पॅकिंगपर्यंत पाणी पोचतच नाही, आणि नळ उघडला की वायसरचं काम संपलेलं असतं. वायसर खराब असता तर बंद नळाच्या तोटीतून थेंब पडला असता. तो पडत नाही. तुमचा नळ उघडल्यावर वरून गळतो, तेव्हा गेलंय ते पॅकिंग. वायसर दोनदा काय, दहादा बदलला तरी वरची गळती तशीच राहणार.

आता पाइपकडे. दोन ठिकाणी गळतंय म्हणून दोन वेगळे आजार धरू नका. पाइपचं तोंड मोकळं असतं तेव्हा नळातलं पाणी वाहून जातं आणि पोटातल्या पोकळीत फारसा दाब साठत नाही. गन लावून तिचा खटका सोडला की पाणी अडतं, आणि टाकीच्या उंचीचा सगळा दाब नळाच्या पोटात, पॅकिंगवर आणि पाइपच्या सांध्यावर येऊन बसतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम. दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतली टाकी आणि जमिनीजवळचा नळ यांत जवळजवळ एवढंच अंतर भरतं. एक किलो दाब चांगल्या नळाला काहीच नाही, पण सुकलेल्या पॅकिंगला पुरेसा आहे. लाइनवर प्रेशर पंप असेल तर दाब याच्या दुपटी-तिपटीने असू शकतो, आणि मग पुढचं सगळं अधिक काटेकोरपणे करावं लागेल.

हे खरं की नाही ते आधी ताडून बघा. पाइप काढा, नळ पूर्ण उघडा आणि चावीखाली बघा. मग पाइप लावून गनचा खटका दाबून धरा, पाणी वाहू द्या आणि पुन्हा बघा. शेवटी खटका सोडा. माझा अंदाज आहे की पहिल्या वेळी जेमतेम ओल दिसेल आणि शेवटच्या वेळी धार लागेल. तसं झालं तर निदान पक्कं. पाइप काढूनही चावीखालून भळाभळा पाणी येत असेल, तर पॅकिंग जवळजवळ उरलेलंच नाही असं समजा.

एक गोष्ट मला इथून दिसत नाही, ती तुम्हीच बघा. चावीखाली दोन षटकोनी भाग असतात. वरचा लहान, स्पिंडलला लागून, तो ग्लँड नट. त्याखालचा मोठा भाग म्हणजे नळाचं डोकं, जे अंगात आट्यांनी बसवलेलं असतं. डोकं आणि अंग यांच्या मध्ये फायबरचा एक पातळ वायसर असतो. गळती तिथून असली तरी पाणी उडून, ओघळून सगळा नळ ओला होतो आणि चावीखालून येतंय असंच वाटतं. तुमच्याकडे डोकं दोनदा उघडलं गेलंय, त्यामुळे ही शक्यता मी सोडून देणार नाही. नळ फडक्याने कोरडा करा, कागदी रुमालाची पट्टी आधी खालच्या जोडाभोवती आणि मग वरच्या नटाभोवती धरा, गन बंद ठेवून नळ हळू उघडा. आधी कुठली पट्टी भिजते ते बघा. खालची भिजली तर डोकं घट्ट आवळणं किंवा फायबर वायसर नवा घालणं एवढंच काम आहे. वरची भिजली तर पुढे वाचा.

तुमचा नळ वायसरचा आहे हे प्लंबरच्या कामावरून कळतंच. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: चावी पाव फेऱ्यात उघडत-मिटत असेल तर त्यात वायसरही नसतो आणि दोरीचं पॅकिंगही नसतं. आत बहुधा सिरॅमिकच्या चकत्यांचा अखंड भाग असतो, तो तसाच्या तसा बदलतात. आणि काही नळांत फिरवायचे आटे असले तरी दोरीऐवजी स्पिंडलवर रबराची ओ-रिंग असते. तिथे नट आवळून उपयोग नसतो, रिंगच बदलावी लागते.

आता पहिला उपाय, ज्याला सुटा भाग लागत नाही. गन बंद ठेवून नळ अर्धा उघडा, म्हणजे गळती समोर दिसेल. ग्लँड नटाला मापाचा पाना लावा आणि घड्याळाच्या दिशेने अगदी थोडा, म्हणजे एका फेऱ्याचा आठवा भाग, आवळा. प्रत्येक वेळी चावी फिरवून बघा. गळती थांबली आणि चावी हाताने सहज फिरतेय, की तिथेच थांबा. पॅकिंगमध्ये जीव असेल तर अशा दोन-तीन खेपांत काम होतं. पण चावी घट्ट होत चालली आणि पाणी तरीही येतंय, तर ते पॅकिंग कडक होऊन मेलंय. अजून आवळलंत तर दोन तोटे होतील. एक, स्पिंडलवर चरा पडेल. दुसरा, चावी जड झाली की घरातला प्रत्येक जण नळ बंद करताना जास्त जोर लावेल आणि बिचारा वायसर सीटवर चेचला जाईल. पाना फिरता फिरता नट डोक्याला जाऊन टेकला आणि पुढे सरकतच नाही, तर आत दोरी उरलेली नाही.

या दोन्ही वेळी पॅकिंग नवं भरायचं. गच्चीवरून येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. खरं म्हणजे नळ बंद असताना ग्लँड नट काढला तरी पाणी यायला नको, आणि मुरलेला प्लंबर लाइन चालू ठेवून हे काम करतोही. पण जुन्या नळात ग्लँड नट गंजाने आणि क्षाराने डोक्याला चिकटलेला असतो. तुम्ही नट सोडायला जाता आणि सगळं डोकंच फिरून हातात येतं. मग अंगावर फवारा घेत व्हॉल्व्हकडे धावायचं. त्यापेक्षा आधीच बंद करा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय ना, हेही बघून घ्या. वर्षानुवर्षं न हललेले गेट व्हॉल्व्ह बंद केले तरी झिरपत राहतात, आणि तसं असेल तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह शोधावा लागतो.

चावीच्या माथ्यावरचा स्क्रू काढून चावी वर ओढा. क्षाराने बसली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. पाना लावून पिरगाळू नका, स्पिंडल वाकतो. मग खालच्या डोक्याला एक पाना लावून ते स्थिर धरा आणि दुसऱ्या पान्याने ग्लँड नट सोडवून वर काढा. खोबणीत काळा, कडक झालेला चोथा दिसेल. तो सेफ्टी पिन किंवा टोक वाकवलेल्या तारेने खोदून पूर्ण काढा. जुनी दोरी अर्धी ठेवून वर नवी भरणं म्हणजे काम वाया. फार जुन्या नळात राखाडी-पांढरी, तंतूतंतू सुटणारी दोरी निघाली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका, पाणी शिंपडून ओली करा, ओलीच काढा आणि पिशवीत बंद करून टाका.

आता स्पिंडल पुसून त्यावर नख फिरवा. इथे नळाचा निकाल लागतो. पितळ गुळगुळीत लागलं तर नवं पॅकिंग वर्षानुवर्षं टिकेल. बारीक खरखर असेल तर ओल्या, अगदी बारीक पॉलिशपेपरने गोल गोल घासा, उभं घासू नका. उभी रेघ म्हणजे पाण्याला वर चढायला वाटच करून दिली. नख अडेल असा खोल चरा असेल तर दोरी काही आठवड्यांत पुन्हा गळेल.

दोरी हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकारची मिळते: पांढरी टेफ्लॉनची आणि काळी ग्रेफाइट लावलेली. अर्धा इंची नळाला 2 ते 3 मिलिमीटर जाडीची पुरते. मापाची शंका वाटली तर काढलेला नट दुकानात घेऊन जा. मी स्वतः टेफ्लॉनची वापरतो, हात काळे होत नाहीत आणि चावी हलकी फिरते. सुतळी भरू नका. ती आज फुगून पाणी थांबवते आणि उन्हात सुकली की आकसते. बागेत तर दर दोन दिवसांनी हेच चक्र चालणार. दोरी मिळाली नाही तर आट्यांना लावतो ती टेफ्लॉन टेप वीतभर घेऊन पिळा, तिची दोरी होते. पण हे काम चालवण्यापुरतं, कारण टेप दाबली की फार बसते आणि नट पुन्हा पुन्हा आवळावा लागतो.

दोरी स्पिंडलभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नट ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर नट तिला उलगडत, बाहेर ढकलत जातो. प्रत्येक वेढा बारीक पेचकसाच्या टोकाने खाली दाबून बसवा. खोबणी जवळजवळ काठापर्यंत भरली पाहिजे, पण नटाचे दोन-तीन आटे हाताने धरतील एवढी जागा राहायला हवी. आटे धरत नाहीत तर एक वेढा कमी करा. पान्याच्या जोराने नट बसवायला जाऊ नका, पितळेचे आटे एकदा वाकडे चढले की संपले. नट हाताने बसवा, चावी लावा, चावी उघड-मीट करत पान्याने हळूहळू आवळा. हाताला किंचित अडखळ जाणवली की पुरे. लाइन सुरू करा, गन बंद ठेवून नळ उघडा. पहिल्या मिनिटाला एखाद-दुसरा थेंब आला तर घाबरू नका, आठवा हिस्सा आवळा. आठवड्याभरात दोरी दबून बसते, तेव्हा आणखी एकदा तेवढंच आवळावं लागतं. ते आधीच धरून चाला, नाहीतर ‘पुन्हा गळायला लागलं’ म्हणून तुम्ही निराश व्हाल.

वायसरचं थोडक्यात. तुमचा नवा आहे, त्याला हात लावायची गरज नाही. पुढे कधी बंद नळाची तोटी टिपकायला लागली तर डोकं काढण्याआधी चावी अर्धी उघडा. चकती सीटवर दाबलेली असताना डोकं फिरवलं तर स्पिंडलचे आतले आटे आणि वायसर दोन्हींवर ताण येतो. आणि नळाचं अंग दुसऱ्या पान्याने धरल्याशिवाय डोक्यावर जोर देऊ नका. बाहेरची लाइन हल्ली बहुधा प्लॅस्टिकची असते, नळ पितळी तोंडाच्या जोडात बसवलेला असतो. न धरता जोर लावला तर तो जोड भिंतीत फिरतो आणि दोन रुपयांच्या वायसरपायी भिंत फोडावी लागते. डोकं निघालं की बोट घालून सीटचा काठ चाचपा. काठावर खाच लागली तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. दोनदा वायसर बदलायची वेळ का आली, हे तुमच्या प्लंबरने सीट चाचपून बघितलं होतं का, एवढं त्याला विचारा.

आता पाइपचा सांधा. हा दोन प्रकारचा असतो आणि दोघांचा इलाज अगदी वेगळा आहे.

तोटीच्या टोकाला बाहेरून आटे असतील आणि पाइपचा फिरता नट त्यावर चढत असेल, तर तिथे पाणी आटे अडवत नाहीत. नटाच्या तळाशी रबराचा चपटा वायसर असतो, तो तोटीच्या कडेवर दाबला गेला की पाणी थांबतं. लोक इथे टेफ्लॉन टेपचे थर चढवतात आणि गळती तशीच राहते, कारण टेप चुकीच्या जागी आहे. उलट जाड टेपमुळे नट पूर्ण वर चढत नाही आणि वायसर दबतच नाही. टेप पूर्ण काढा, नटाच्या आत बोट घाला. बहुतेक वेळा वायसर एकतर गायब असतो, पाइप सोडताना गवतात पडलेला, किंवा उन्हाने कडक होऊन त्याला भेगा गेलेल्या. नवा बसवा, नट हाताने आवळा. पाना लागत असेल तर वायसर चुकीच्या मापाचा आहे. तोटीची कड हातोड्याच्या किंवा बादलीच्या घावाने दबली असेल तर ती कानशीने सपाट करून घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे कंगोरे असलेल्या नोजलवर पाइप नुसता चढवलेला. माझा अंदाज तुमचा हाच आहे, कारण पाणी ‘उडतं’ असं तुम्ही लिहिलंय. इथे पाइपचं तोंड रोजच्या ओढाताणीने सैल होतं आणि उन्हाने कडक पडतं. क्लिप कितीही आवळली तरी कडक प्लॅस्टिक नोजलला बिलगत नाही. तोंडाकडचा दोन इंच तुकडा सरळ कापून टाका, आत नरम पाइप निघेल. टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, म्हणजे ते सहज चढेल. सगळे कंगोरे झाकले जाईपर्यंत ढकला आणि स्क्रूची क्लिप शेवटच्या नाही, मधल्या कंगोऱ्यामागे आवळा. क्लिपऐवजी बांधकामाची तार पिळणं टाळा. तारेचा दाब एका रेघेवर येतो आणि ती पाइप चिरत जाते. आणि पाऊण इंची पाइप अर्धा इंची नोजलवर घालून क्लिपने आवळला असेल तर घडी पडते, त्या घडीतून पाणी निघणारच. तिथे मापाचा जोड आणणं हाच उपाय.

या सगळ्यावर एक सवय तुम्हाला लावून घ्यावी लागेल. झाडांना पाणी घालून झालं की गनचा खटका सोडून आत निघून जाऊ नका. आधी नळ बंद करा, मग खटका दाबून पाइपातलं पाणी सोडून द्या. नळ उघडा ठेवून गनवर भरवसा ठेवलात तर टाकीचा दाब पॅकिंगवर आणि क्लिपवर चोवीस तास राहतो. नळ बंद पण गनही बंद, हेही तितकंच वाईट. एप्रिल-मेच्या उन्हात पाइपातलं अडकलेलं पाणी तापून फुगतं, पाइप नरम पडतो, आणि दुपारी सांधा सुटून पडलेला सापडतो. नळ बंद असूनही दुपारी स्पिंडलशी ओल दिसते, तिचं कारणही हेच अडकलेलं पाणी असतं.

राहता राहिलं तुमच्या प्लंबरचं म्हणणं. स्पिंडलला खोल चरा असेल, चावी धरून हलवल्यावर स्पिंडल डुगडुगत असेल, ग्लँड नटाचे आटे गेले असतील, किंवा नळाच्या अंगावर पितळेचा पिवळा रंग जाऊन तांबूस, सच्छिद्र डाग दिसत असतील, तर तो बरोबर आहे आणि दोरीवर वेळ घालवू नका. डाग असलेलं पितळ आतून पोकळ झालेलं असतं, पाना लावला की मोडतं. नवा घ्यायचा झाला तर नळ हातात घेऊन वजन बघा, हलका नळ म्हणजे पातळ भिंतीचा. भारतीय मानकाचा IS 781 हा क्रमांक अंगावर किंवा डब्यावर आहे का ते बघा, तोटीला आटे असलेला घ्या, आणि बसवताना नळाच्या मागे एक छोटा बॉल व्हॉल्व्ह टाकायला सांगा. म्हणजे पुढच्या वेळी दोरी भरताना गच्चीवर चढावं लागणार नाही.